तक्त्यात आत्या कुठे आहे?

‘आमच्या घराण्यात जन्मतः ऐकू न येणारी माणसं आहेत. थोरले काका तसे होते, त्यांची मुलगी तशी आहे आणि आता माझ्या अक्काचा सहा वर्षांचा मुलगाही. आजोबांनाही शेवटी शेवटी काही ऐकू येत नव्हतं. माझ्या मुलासाठी निपाणीच्या भावाची मुलगी करायची, असं आमच्यात लहानपणापासून बोलणं आहे. दोघांनाही चांगलं ऐकू येतं. माझी धाकटी सेकंड पीयूसीला सायन्स करते. तिनं घरातली वंशावळ समोर घेऊन तक्ता काढला आणि म्हणाली, “प्रत्येक पिढीत कुणीतरी आहेच, म्हणजे हे डॉमिनंट. डॉमिनंट असलं की ज्याला आहे त्याच्याकडूनच पुढं जातं. दादाला नाही, तिलाही नाही, मग काळजी कसली?” तक्ता पाठवते आहे. घरात कोण कुणाला दिली ते मागच्या बाजूला लिहिलंय. अक्काच्या सासरचे मात्र तिनं ग्रहण पाळलं नाही म्हणून तिलाच बोल लावतात. मुलीचं म्हणणं बरोबर आहे का? सोयरीक करावी का?’
— एक आई, खानापूर तालुका

ताई, मुलीनं पुस्तकातला नियम बरोबर लावला, पण ज्या तक्त्याला लावला तो तक्ता अपुरा आहे. कागदाच्या मागे तुम्ही जे लिहिलंय ते पुढच्या बाजूला आणलं की उत्तर उलटं होतं. तुमच्या घरातला हा बहिरेपणा डॉमिनंट, म्हणजे प्रभावी नसून बहुधा रिसेसिव्ह, म्हणजे अप्रभावी आहे. अप्रभावी गुण चांगलं ऐकू येणाऱ्या माणसाकडूनही पुढे जातो. त्यामुळे ‘दोघांना ऐकू येतं’ एवढ्यावरून निर्धास्त होता येणार नाही. धोका किती, तेही पुढं मांडतो. तो तुम्हाला वाटतो त्याहून कदाचित कमीच निघेल. पण आधी तक्ता दुरुस्त करू, कारण सगळं त्यावर उभं आहे.

वंशावळ कशासाठी लिहिली जाते? शेत कुणाच्या वाट्याला गेलं, देवक कुठलं, कुळाचा मान कुणाकडे, यासाठी. म्हणून तिच्यात बापाखाली मुलगे येतात, मुलग्यांखाली नातू येतात आणि लग्न होऊन गेलेल्या मुली गळतात. तुमच्या मुलीच्या तक्त्यात आजोबांना दोनच अपत्यं दिसतात, थोरले काका आणि तुमचे वडील. मागच्या बाजूला मात्र तुम्ही लिहिलंय की सगळ्यांत थोरली आत्या, चंदगडला दिलेली. ती पुढच्या बाजूला कुठेच नाही. आनुवंशिकतेचा तक्ता वाचताना सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच, कारण गुणसूत्रं सासरी गेलेल्या मुलीबरोबरही जातात.

आता नवा कागद आडवा घ्या. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याला तो गुण आहे त्याचं चिन्ह काळं भरायचं, नाही त्याचं कोरं ठेवायचं. नवरा-बायकोमध्ये आडवी रेघ, तिच्या मधून खाली मुलांची रेघ आणि भावंडं डावीकडून उजवीकडे वयाच्या क्रमानं. वारलेल्या माणसाच्या चिन्हावर तिरकी काट. पिढ्यांना रोमन आकडे द्यायचे. इथपर्यंत मुलीला सगळं येतं. तिनं सोडलेली खूण एकच, नात्यातल्या लग्नाची. नवरा-बायको आधीपासून एकमेकांचे रक्ताचे नातलग असतील तर त्यांच्यामध्ये एक नाही, दोन रेघा काढायच्या.

सगळ्यात वर आजोबा. त्यांचा चौकोन तिनं काळा भरलाय. पण तुम्हीच लिहिलंय की ते साठी उलटेपर्यंत भजनात पेटी वाजवायचे आणि गाणाऱ्याला सुरात धरायचे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या माणसाला हे शक्य नाही. म्हातारपणी मंद होणारे कान हा वेगळा प्रकार आहे, तो कुठल्याही घरात सापडतो. तक्त्यात भरायचा गुण आधी नेमका ठरवावा लागतो. तुमच्या घरासाठी तो असा: ‘जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलणं आलंच नाही’. थोरल्या काकांना हे लागू पडतं, आजोबांना नाही. आजोबांचा चौकोन कोरा करा. एवढ्यानंच ‘प्रत्येक पिढीत’ हे विधान पडलं, वरची पिढी मोकळी झाली.

आता आत्याचं वर्तुळ काढा, काकांच्या डावीकडे, कारण ती थोरली. तिच्याखाली तिची मुलगी आणि मुलगा. मागची टिपणं वाचत गेलात की कागदाचं रूप बदलतं. थोरल्या काकांची बायको मुलीनं बाहेरून आलेली म्हणून काढलीय, पण ती आत्याची मुलगी, म्हणजे काकांची सख्खी भाची. तिथं दुहेरी रेघ. भाची एक पिढी खाली असल्यामुळे ही रेघ तिरकी येईल, येऊ द्या. अक्काचा नवराही बाहेरचा नाही. तो आत्याचा मुलगा, अक्काचा आतेभाऊ, तिथंही दुहेरी रेघ. आणि आजी? ती आजोबांच्या मामाचीच मुलगी. तिसरी दुहेरी रेघ.

आता कागद जरा लांब धरून बघा. तीन काळी चिन्हं, काका, त्यांची मुलगी आणि अक्काचा मुलगा. तीन दुहेरी रेघा. आणि प्रत्येक दुहेरी रेघेखाली एक काळं चिन्ह. तुमच्या वडिलांनी बाहेरची मुलगी केली, त्यांच्या तिन्ही मुलांना ऐकू येतं. तुम्ही आणि भावानंही बाहेर लग्नं केलीत, तुमच्या घरी आणि भावाच्या घरीही सगळ्यांना ऐकू येतं.

प्रभावी की अप्रभावी हे ठरवताना बहुतेक मुलं ‘प्रत्येक पिढीत दिसतं का?’ हा प्रश्न आधी विचारतात. मी तो शेवटी विचारतो. माझा पहिला प्रश्न असा: गुण असलेलं असं एखादं मूल आहे का, ज्याचे आई-बाप दोघंही कोरे आहेत? प्रभावी गुणाला एकच जनुक पुरतं, म्हणून ते ज्याच्याकडे असेल त्याच्यात गुण दिसतो आणि मुलाला तो आला असेल तर आई-बापांपैकी एकात तरी दिसायला हवा. अप्रभावी गुणाला जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. एकच प्रत बिघडलेली असलेला माणूस चांगला ऐकतो, तो वाहक. दोन वाहकांना मूल झालं तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता असते की दोन्ही बिघडलेल्या प्रती त्याच्याकडे येतील.

तुमच्या कागदावर असं मूल एकदा नाही, दोनदा आहे. काका, ज्यांचे आई-बाप दोघंही ऐकणारे. आणि अक्काचा मुलगा, त्याचेही आई-बाप दोघं ऐकणारे. कुणी म्हणेल की प्रभावी जनुकही कधी कधी एखाद्या माणसात गप्प बसतं. खरं आहे, बसतं. पण तसं मानायचं तर ते आजोबा-आजींपैकी एकात गप्प बसलं, पुढे वडिलांत किंवा आत्यात गप्प बसलं आणि मग अक्का किंवा तिच्या नवऱ्यातही गप्प बसलं, असं ओळीनं तीनदा मानावं लागेल. दुहेरी रेघा बघितल्या की इतकं काही मानावं लागत नाही.

मुलीची फसगत झाली ती काकांच्या घरावरून. बापाला ऐकू येत नाही, आईला येतं, तीन मुलांपैकी एकीला येत नाही. हे चित्र पुस्तकातल्या डॉमिनंटच्या आकृतीसारखंच दिसतं. पण अप्रभावी धरूनही ते नीट बसतं. काकांकडे दोन्ही प्रती बिघडलेल्या, त्यांची बायको, म्हणजे भाची, वाहक. मग प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. एरवी बाहेरून आलेली बायको नेमकी त्याच जनुकाची वाहक असणं दुर्मीळ, म्हणून अप्रभावी गुण सहसा एका पिढीत दिसून पुढच्या पिढीत लपतो. बायको भाची असली की ही दुर्मिळता संपते, कारण काकांच्या आई-बापांकडे असलेली तीच प्रत आत्यामार्फत तिच्यापर्यंत येऊ शकते. मग अप्रभावी गुण बापाकडून मुलीत सरळ उतरतो आणि प्रभावी असल्याचा भास होतो. मामा-भाचीची लग्नं जिथं होतात त्या आपल्या भागात तक्ता वाचताना हे ध्यानात ठेवावंच लागतं. अशा घराची साक्ष दोन्ही बाजूंना लागू पडते, म्हणून निकाल त्यावर लावायचा नाही. तो आजोबांच्या आणि अक्काच्या घरावर लावायचा. तीनात एक की चारात एक, अशी मोजणीही करत बसू नका. दोन-तीन मुलांच्या घरात कुठलंही प्रमाण दिसू शकतं.

मुलगी पुढं एक्स गुणसूत्राबद्दल विचारेल, तेही सांगून ठेवतो. अक्काच्या मुलाला एक्सवरून काही आलं असेल तर ते अक्काकडून. अक्काला ते तुमच्या वडिलांकडून आलं म्हणावं तर वडिलांना ऐकू येत होतं, आणि पुरुषाकडे एक्स एकच असल्यामुळे त्याच्यात ते लपून राहत नाही. तुमची आई बाहेरच्या घरातली. म्हणजे काकांचा आणि नातवाचा बहिरेपणा एका धाग्यात बांधायला एक्स उपयोगी पडत नाही.

तरीही पक्कं म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या.

पहिली, अक्काच्या मुलाची. गरोदरपणात तिला अंगावर पुरळ येऊन ताप आला होता का? बाळ खूप कमी वजनाचं होतं का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, कावीळ इतकी वाढली होती का की रक्त बदलावं लागलं? नंतर मेंदूज्वर झाला होता का? यांपैकी काही असेल तर त्या मुलाचा बहिरेपणा घराण्याचा नसूनही असू शकतो आणि त्याचं चिन्ह काळं भरताना शेजारी प्रश्नचिन्ह लावावं लागेल. ग्रहणाचा यात काही संबंध नाही. अप्रभावी असेल तर एक प्रत अक्काची आणि एक तिच्या नवऱ्याची, दोघांचा वाटा तंतोतंत सारखा. तिच्या सासरच्यांना हा कागद दाखवा. अक्काच्या नवऱ्याकडची प्रत त्याच्या आईकडून, म्हणजे तुमच्या आत्याकडून आलीय, हे दुहेरी रेघेवर बोट ठेवून दाखवता येतं.

दुसरी गोष्ट केसांची आणि डोळ्यांची. घरात कुणाच्या कपाळावर, अगदी तरुणपणापासून, पांढऱ्या केसांची बट आहे का? कुणाचे डोळे चमकदार निळे, किंवा एक निळा आणि एक काळा असे आहेत का? वार्डनबर्ग नावाचा विकार असतो, त्यात बहिरेपणाबरोबर या खुणा येतात आणि त्याचा नेहमीचा प्रकार प्रभावी आहे. गंमत अशी की एकाच घरात कुणाला फक्त पांढरी बट असते आणि कान उत्तम, तर कुणाला अजिबात ऐकू येत नाही. अशा घरात नुसता बहिरेपणा काळा भरला तर कोऱ्या आई-बापांचं काळं मूल दिसतं आणि आपण चुकून अप्रभावी म्हणतो. त्या घरात बटसुद्धा काळी भरावी लागते. जुने लग्नाचे फोटो काढून बघा. काही न सापडलं तर आपला निष्कर्ष कायम. आणि ऐकू न येणाऱ्यांपैकी कुणी धावताना किंवा घाबरल्यावर बेशुद्ध पडत असेल तर वाट न बघता हृदयाचा ईसीजी काढून घ्या. बहिरेपणाबरोबर हृदयाच्या ठोक्यांचा दोष येणारा एक अप्रभावी विकार आहे, तो वेळेत सापडणं फार गरजेचं असतं.

आता तुमच्या मुलाचं गणित. अक्काचा मुलगा घराण्याच्याच कारणानं तसा आहे असं धरू. म्हणजे अक्का नक्की वाहक. तिला ती प्रत वडिलांकडूनच आली असणार, कारण वडील काकांचे सख्खे भाऊ आणि आई बाहेरची. म्हणजे वडील वाहक. मग तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि तुमच्या भावाचीही निम्मी. तुम्हा दोघांच्या जोडीदारांना बाहेरचे म्हणून बाजूला ठेवू. तुमचा मुलगा वाहक असण्याची शक्यता चारात एक, भावाच्या मुलीचीही चारात एक. दोघंही वाहक असण्याची सोळात एक. आणि दोघं वाहक असले तर प्रत्येक मुलाला चारात एक. सगळं गुणलं की चौसष्टात एक, म्हणजे दीड टक्क्याच्या जरा वर. अक्काच्या मुलाचं कारण वेगळंच निघालं तर? तरी काका आहेतच. मग वडील वाहक असण्याची शक्यता तीनात दोन धरायची, कारण ऐकू येणाऱ्या भावंडांच्या तीन शक्यतांपैकी दोन वाहकाच्या, आणि उत्तर येतं शहाण्णवात एक. आकडा उतरतो, पण शून्य होत नाही.

तुलनेसाठी बाहेरची मुलगी केली तर काय? समजा बाहेरच्या पन्नास माणसांत एक त्याच जनुकाचा वाहक आहे. हा पन्नासाचा आकडा मी फक्त हिशेब दाखवायला घेतलाय. चारात एक, गुणिले पन्नासात एक, गुणिले चारात एक, म्हणजे आठशेत एक. मामाची मुलगी आणि बाहेरची मुलगी यांत एवढा फरक पडतो. शिवाय चौसष्टात एक हा हिशेब फक्त या एका जनुकाचा आहे. मामेबहिणीशी लग्न झालं की मुलाच्या कुठल्याही जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता सोळात एक असते, मामा-भाचीत आठात एक. इतर अप्रभावी विकारांचा थोडा धोका त्यातून वरती येतोच, आणि तो तुमच्या कागदावर दिसणार नाही.

सोयरीक करावी की नाही हे मी सांगणार नाही, पण ज्या क्रमानं पुढं जावं तो सांगतो. रक्त आधी मुला-मुलीचं नाही, अक्काच्या मुलाचं तपासा. कारण काय शोधायचं ते त्याच्याकडे सापडण्याची शक्यता जास्त. जन्मजात बहिरेपणा देणारी जनुकं शंभराहून जास्त आहेत. त्यांत सर्वाधिक आढळणारं GJB2 नावाचं, आतल्या कानातल्या कनेक्सिन २६ या प्रथिनाचं, आणि ते अप्रभावी रीतीनं चालतं. त्यात काही मिळालं नाही तर बहिरेपणाच्या जनुकांचा संच तपासतात. ज्या मुलात दोष सापडलाय त्याच्या घरच्या इतरांची तपासणी मग सोपी आणि स्वस्त होते, कारण एकच ठिकाण बघायचं असतं. तुमचा मुलगा आणि भावाची मुलगी, दोघांपैकी एकजण जरी वाहक नसेल तर या जनुकाचा प्रश्न मिटला. दोघंही वाहक निघाले तर चौसष्टाचा आकडा विसरा, मग प्रत्येक मुलाला सरळ चारात एक. उलट, अक्काच्या मुलाच्या रक्तात काहीच सापडलं नाही तर त्याचा अर्थ ‘आनुवंशिक नाही’ असा घेऊ नका. चौसष्टात एक हाच हिशेब चालू ठेवा.

बेळगावातल्या मोठ्या रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना कागद दाखवलात तर ते नमुना पाठवायची व्यवस्था सांगतील. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून याच कामाची आहे, मुलाचं ऐकणं आणि बोलणं दोन्ही तिथं बघतात. कुठंही जा, दुहेरी रेघांचा कागद बरोबर न्या आणि चंदगडच्या आत्याकडून तिच्या मुला-नातवंडांची नावं आधी भरून घ्या. तिच्या सासरच्या बाजूला आणखी कुणी तसं असेल तर ते आजपर्यंत तुमच्या वंशावळीत आलंच नसेल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कागद बोलतोय म्हणून सांगतो. काकांच्या दोन ऐकणाऱ्या मुलग्यांना बापाकडून बिघडलेलीच प्रत मिळाली, बापाकडे दुसरी नव्हतीच. ते शंभर टक्के वाहक आहेत, त्यांच्या चौकोनात मधोमध ठिपका काढतात. तुमच्या मुलाची शक्यता चारात एक आणि त्यांची पूर्ण, म्हणून नात्यात लग्न ठरवण्याआधी तपासणीची गरज तुमच्या मुलापेक्षा त्यांना जास्त आहे. काकांच्या मुलीचं उलट. तिनं ऐकू न येणाऱ्या बाहेरच्या मुलाशी लग्न केलं तर मुलं ऐकू न येणारीच होतील असं नाही. त्याचं जनुक वेगळं आणि तेही अप्रभावी असलं की दोघांच्या मुलांना प्रत्येक जनुकाची एकेक चांगली प्रत मिळते आणि सगळ्यांना ऐकू येतं.

आणि लग्न कुणाचं कुणाशीही होवो, या घराण्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची कानाची तपासणी पहिल्या महिन्यात करून घ्या. बाळ झोपलेलं असताना कानात छोटा प्रोब ठेवून ती होते, दुखत नाही. शंका आली तर तीन महिन्यांच्या आत बेरा नावाची तपासणी करून पक्कं करायचं आणि सहा महिन्यांच्या आत यंत्र, उपचार सुरू व्हायला हवेत. अक्काचा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याची ही तपासणी कितव्या महिन्यात झाली आणि आता त्याला कुठलं यंत्र लावलंय, ते पुढच्या पत्रात कळवा. त्याबद्दल वेगळं लिहितो.